पोलिसांनी मदत नेमकी कोणाला केली?

पुढची दोन शीर्षके एकाखाली एक ठेवून वाचा.

"सीसीटीव्हीच्या मदतीने घरफोडी करणाऱ्या टोळीला पकडले"

"पोलिसांच्या मदतीने फ्लॅट बळकावणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढले"

पहिले वाचून हसू येते. चोरांनी सीसीटीव्हीच्या मदतीने घरे फोडली, असे क्षणभर वाटते आणि लगेच आपणच ते दुरुस्त करतो. अशी शीर्षके कापून ठेवण्याचा, त्यांचे फोटो एकमेकांना पाठवण्याचा छंद पुष्कळांना असतो. दुसरे वाचून कोणी हसत नाही, कारण त्यात काही चुकल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. एकाला वाटते, मालकाने पोलिसांची मदत घेऊन भाडेकरूला बाहेर काढले. दुसऱ्याला वाटते, पोलिसांनीच त्या भाडेकरूला फ्लॅट बळकावायला मदत केली होती. दोघेही आपापल्या समजुतीवर ठाम राहतात आणि दोघांनीही शीर्षक बरोबरच वाचलेले असते.

ही शीर्षके मी लेखासाठी रचली आहेत. खऱ्या बातम्यांतली माणसे खरी असतात, त्यांना पुन्हा ओढून आणायचे नाही. पण ठाणे, कळवा, वाशी, कोपरखैरणे या पट्ट्यातल्या बातम्यांचे पान रोज वाचणाऱ्याला असे साचे ओळखीचे वाटतील. माझे म्हणणे असे की, आपण चुकीच्या शीर्षकांच्या मागे लागलो आहोत. हसू आणणारी दुहेरी शीर्षके बहुतेक निरुपद्रवी असतात. ज्यांचे दोन्ही अर्थ पटण्यासारखे असतात ती घातक असतात, आणि ती टाळणे हे संपादकीय टेबलाचे काम आहे, वाचकाचे नव्हे.

आधी घोटाळा कुठे होतो ते पाहू. वरच्या दोन्ही शीर्षकांतल्या एकाही शब्दाला दोन अर्थ नाहीत. मदत म्हणजे मदतच, भाडेकरू म्हणजे भाडेकरूच. "ठाण्यात तरुणाला मारहाण" या शीर्षकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे ठाणे शहर की पोलीस ठाणे, हा प्रश्न एका शब्दापुरता आहे आणि "ठाणे शहरात" किंवा "पोलीस ठाण्यात" असे लिहिले की तो मिटतो. भाडेकरूच्या शीर्षकात मात्र शब्द सगळे स्पष्ट आहेत, फक्त कोणता शब्द कोणाशी जोडायचा हे ठरलेले नाही. दोष वाक्याच्या बांधणीत आहे.

मराठीत विशेषण नामाच्या आधी येते आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी. "भाडेकरूने फ्लॅट बळकावला" हे अख्खे वाक्य विशेषण करून भाडेकरूच्या आधी बसवायचे असेल, तर आपण "फ्लॅट बळकावणारा भाडेकरू" म्हणतो. म्हणजे मोठ्या वाक्याच्या पोटात एक छोटे वाक्य येऊन बसते. हे छोटे वाक्य कुठे संपते ते आपल्याला नेमके कळते, कारण "बळकावणाऱ्या" या रूपातला "णाऱ्या" तिथे खूण करतो. "पळालेल्या", "केलेल्या" यांतला "लेल्या" तेच काम करतो. पण ते छोटे वाक्य सुरू कुठे होते, याची खूण या रचनेत नाही. कंस बंद झालेला दिसतो, उघडलेला दिसत नाही.

त्यामुळे शीर्षकाच्या अगदी सुरुवातीला आलेला "पोलिसांच्या मदतीने" हा तुकडा दोन जागी बसू शकतो. कंस "पोलिसांच्या"च्या आधी उघडला असे धरले, तर मदत छोट्या वाक्यात जाते आणि बळकावण्याला चिकटते. कंस "फ्लॅट"च्या आधी उघडला असे धरले, तर मदत बाहेर राहते आणि शेवटच्या "बाहेर काढले" या क्रियापदाशी जाऊन मिळते. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाचने निर्दोष आहेत.

बोलताना हा प्रश्न फारसा येत नाही. "पोलिसांच्या मदतीने" म्हणून आपण जरा थांबलो की ऐकणाऱ्याला समजते की हे पुढे कुठेतरी जोडायचे आहे. न थांबता "फ्लॅट बळकावणाऱ्या"पर्यंत एका दमात गेलो की उलटा अर्थ पोचतो. छापताना तो थांबा गळतो. स्वल्पविराम देऊन तो परत आणता येतो, पण एकाच बाजूने: "पोलिसांच्या मदतीने, फ्लॅट बळकावणाऱ्या..." असे लिहिल्यावर मदत बाहेर पडते हे खरे, मात्र स्वल्पविराम न दिल्याने ती आत आहे असे सिद्ध होत नाही. शिवाय शीर्षकातले स्वल्पविराम टिकत नाहीत. कोणीतरी ते शीर्षक ग्रुपवर पुन्हा टाइप करतो आणि पहिला बळी विरामचिन्हाचा जातो.

मराठीकडे कंस उघडण्याची खूणही आहे, पण ती शीर्षकात कोणी वापरत नाही. "ज्या भाडेकरूने फ्लॅट बळकावला, त्याला पोलिसांच्या मदतीने बाहेर काढले" या जो-तो रचनेत "ज्या" म्हणताच कंस उघडतो आणि "त्याला" म्हणताच तो बंद झाल्याचे कळते. आत काय, बाहेर काय, याबद्दल शंका उरत नाही. पण ही रचना लांब पडते, आणि दोन कॉलमांच्या शीर्षकात "ज्या" आणि "त्याला" यांना जागा देणे उपसंपादकाला परवडत नाही, हे मला मान्य आहे.

म्हणून मी जागा मागत नाही, फक्त क्रम मागतो. "फ्लॅट बळकावणाऱ्या भाडेकरूला पोलिसांच्या मदतीने बाहेर काढले." तेच शब्द, तेवढीच अक्षरे. "बळकावणाऱ्या"ने कंस बंद झाल्यानंतर आलेला तुकडा मागे जाऊन आत शिरू शकत नाही, तो पुढच्या क्रियापदाचाच राहतो. आणि समजा बातमी खरोखरच पोलिसांनी भाडेकरूला साथ दिल्याची आहे, तर "फ्लॅट पोलिसांच्या मदतीने बळकावणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढले" असे लिहावे. आता मदत "फ्लॅट" आणि "बळकावणाऱ्या" यांच्या मध्ये अडकली, बाहेर पडायला तिला वाट नाही. म्हणजे दोन्ही अर्थांसाठी मराठीत स्वतंत्र, निःसंदिग्ध क्रम उपलब्ध आहेत. संदिग्ध आहे तो फक्त तिसरा क्रम, आणि छापला जातो नेमका तोच.

तो का छापला जातो, हे एका ओळखीच्या उपसंपादकाला विचारले. कित्येक वर्षे जिल्ह्याचे पान लावणारा माणूस. तो म्हणाला, "अहो सर, शीर्षकाचा पहिला शब्द वजनदार हवा हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. भाडेकरूच्या बातमीत वजनदार शब्द कोणता? पोलीस. मग पोलीस पहिले. आणि दुसरी गोष्ट म्हणजे शीर्षक देताना मी बातमी वाचलेली असते. मला एकच अर्थ दिसतो. दुसरा दिसायला बातमी न वाचलेला माणूस लागतो, आणि रात्री अकराला तो आणायचा कुठून?"

त्याचे हे उत्तर मला प्रामाणिक वाटले आणि रोगाचे निदानही त्यातच आहे. ज्याला खरे काय घडले ते माहीत आहे, त्याच्या डोक्यात वाक्य वाचायच्या आधीच कंस योग्य जागी उघडलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. सीसीटीव्हीचे शीर्षक आणि पोलिसांचे शीर्षक बांधणीने तंतोतंत सारखे आहेत. मग एक आपोआप दुरुस्त होते आणि दुसरे होत नाही, असे का? याचे उत्तर आपल्याकडे जुने आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथात वाक्याचा अर्थ कळण्याची तीन कारणे दिली आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. आकांक्षा म्हणजे एका पदाला पूर्ण होण्यासाठी दुसऱ्याची गरज असणे. संनिधी म्हणजे पदे वेळ न दवडता एकमेकांजवळ येणे. आणि योग्यता म्हणजे जोडल्यावर होणारा अर्थ बाधित नसणे. "अग्नीने शिंपावे" हे त्यातले योग्यता नसल्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर, पण अग्नीने काही शिंपता येत नाही.

ही तीन कारणे आपल्या शीर्षकांना लावून पाहा. "मदतीने" या पदाला एका क्रियेची आकांक्षा आहे. समोर दोन क्रिया आहेत आणि दोन्ही ती आकांक्षा पुरवू शकतात. संनिधीचे पारडे जवळच्या क्रियेकडे, म्हणजे घरफोडीकडे आणि बळकावण्याकडे झुकते. डोळा डावीकडून उजवीकडे सरकत असतो, त्याला आधी तीच भेटते. सीसीटीव्हीच्या बाबतीत योग्यता आडवी येते: चोर सीसीटीव्हीच्या मदतीने घर फोडत नाहीत, सहसा तो फोडून मग घर फोडतात. म्हणून वाचक मागे येतो, कंस हलवतो, आणि या मागे येण्याचेच त्याला हसू येते. पोलिसांच्या शीर्षकात योग्यता आडवी येत नाही. पोलिसांनी एखाद्याला जागा बळकवायला मदत केली, हे दुर्दैवाने अशक्य वाटण्याजोगे नाही. मग वाचक मागे येतच नाही. संनिधी त्याला जिथे नेऊन सोडते तिथेच तो थांबतो, आणि तो अर्थ खोटा असला तरी खरा समजून पुढच्या बातमीकडे वळतो.

हसू ही खरे तर दुरुस्ती झाल्याची पावती आहे. ज्या शीर्षकाने हसू आले, त्याने कोणाचेही नुकसान केलेले नसते.

इंग्रजीत अशा शीर्षकांना एक नावही आहे, क्रॅश ब्लॉसम्स. २००९ मध्ये "जपान टुडे"मध्ये "व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स" असे शीर्षक आले होते. १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात वडील गमावलेली एक व्हायोलिनवादक आता बहरते आहे, असे सांगायचे होते. वाचकांना प्रश्न पडला की "क्रॅश ब्लॉसम्स" नावाची ही कोणती फुले? इंग्रजीत "ब्लॉसम्स" हे नाम आणि क्रियापद दोन्ही एकाच रूपात असते, त्यामुळे तिथली गफलत बहुधा नाम-क्रियापदाची होते. मराठीत "बहरते" हे "बहर" म्हणून कोणी वाचणार नाही, रूपेच वेगळी. आपल्याला विभक्त्या आहेत, क्रियापदाला लिंग-वचन आहे, म्हणून इंग्रजीतले पुष्कळसे खड्डे आपल्या रस्त्यावर नाहीत. पण त्यामुळे मराठी शीर्षक मुळातच स्पष्ट असते असा जो समज वृत्तपत्रांत दिसतो, तो चुकीचा आहे. आपले खड्डे वेगळ्या जागी आहेत, आणि परक्या भाषेतली उदाहरणे पाहून ते सापडत नाहीत.

ठाणे आणि नवी मुंबईत या "णाऱ्या"च्या कंसाचा सर्वात जास्त फटका स्थळवाचक शब्दाला बसतो. "ठाण्यात बनावट नोटा छापणाऱ्या दोघांना अटक." छापखाना ठाण्यात होता की अटक ठाण्यात झाली? "वाशीत ज्येष्ठ महिलेचे दागिने लुटून पळालेल्या रिक्षाचालकाला अटक." लूट वाशीत, की वाशीतून पळाला, की सापडला वाशीत? आधीच्या शीर्षकात दोन जागा होत्या, इथे "लुटून", "पळालेल्या" आणि "अटक" अशा तीन क्रिया आहेत आणि "वाशीत" हा शब्द त्यांतल्या पहिल्याला आणि तिसऱ्याला सारखाच लागू पडतो.

एखाद्या एकट्या शहरात हा भेद किरकोळ ठरेल, कारण गुन्हा आणि अटक बहुधा तिथेच. आपल्याकडे तसे नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार अशी चार पोलीस आयुक्तालये एकमेकांना लागून आहेत. ऐरोलीचा पूल ओलांडला की आयुक्तालय बदलते, कळवा सोडून दिघ्यात शिरले की बदलते. एकट्या ठाणे आयुक्तालयात ठाण्यापासून भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, बदलापूरपर्यंतचा पसारा येतो. त्यात फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. शून्य क्रमांकाने नोंद होऊन ती मग संबंधित ठाण्याकडे जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये याची स्पष्ट तरतूद आहे. म्हणजे गुन्हा एका शहरात, नोंद दुसऱ्या, अटक तिसऱ्या, हा इथे अपवाद नाही. अशा जागी "ठाण्यात" हा शब्द शीर्षकाच्या तोंडाशी सुटा ठेवणे म्हणजे वाचकाला गुन्ह्याची जागा अंदाजाने ठरवायला सांगणे.

आणि त्या अंदाजावर लोक वागतात. नोटांचे शीर्षक कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. बातमीची लिंक नसते, फक्त शीर्षकाचा फोटो. खाली चर्चा सुरू होते ती आपल्याकडे छापखाना निघाल्याची. मग वागळे इस्टेटमधल्या कुठल्या गाळ्यात रात्री मशीन चालते, तिथे कोणती माणसे येतात-जातात, इथपर्यंत ती जाते. प्रत्यक्षात ते दोघे परगावाहून नोटा घेऊन ठाणे स्टेशनला उतरले असतील आणि तिथेच सापडले असतील. संशय बसला तो रात्रपाळीत प्रामाणिकपणे काम करणाऱ्या एखाद्या छपाईवाल्यावर. "बनावट नोटा छापणाऱ्या दोघांना ठाण्यात अटक" असे लिहिले असते तर संशयाला वावच नव्हता. यातही एक अक्षर वाढले नाही.

यावर संकेतस्थळवाले सांगतात की गावाचे नाव पुढे असले की वाचक थांबतो. थांबू द्या. मग "ठाणे : बनावट नोटा छापणाऱ्या दोघांना अटक" असे लिहा. विसर्गचिन्हासारखा दिसणारा हा अपूर्णविराम गावाला वाक्याच्या बाहेर काढतो. हे बातमी कुठल्या शहराची आहे त्याचे लेबल आहे, हे वाचकाला कळते आणि गुन्हा तिथेच घडला असा दावा त्यातून निघत नाही.

दुसरा खड्डा षष्ठीचा. "बिल्डरची फसवणूक, तिघांवर गुन्हा." बिल्डरने फसवले की बिल्डरला फसवले? जमीनमालकाने एकच भूखंड दोघांना विकला, तर बिल्डर फसला. बिल्डरने एकच फ्लॅट चौघांना विकला, तर बिल्डरने फसवले, आणि गुन्हा दाखल झालेले तिघे त्याचे भागीदार असू शकतात. नवी मुंबईत दोन्ही गोष्टी कानावर आलेल्या असतात, त्यामुळे इथेही योग्यता मदतीला येत नाही. तीच गत "पालिकेची लूट" या शब्दांची: ठेकेदार पालिकेला लुटतो आहे, की पार्किंगचे दर वाढवून पालिका आपल्याला?

भाषाशास्त्रज्ञ नॉम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये "शूटिंग ऑफ द हंटर्स" हे उदाहरण देऊन हाच प्रश्न मांडला होता: शिकारी गोळ्या घालतात की शिकाऱ्यांना कोणी गोळ्या घालते? पण त्याच्याही कितीतरी शतके आधी पाणिनीने तो नियमात बांधून ठेवला आहे. "कर्तृकर्मणोः कृति" हे सूत्र सांगते की धातूपासून कृत् प्रत्ययाने नाम केले की त्याच्या कर्त्यालाही षष्ठी लागते आणि कर्मालाही. संदिग्धतेचे मूळ नेमके हे. आणि लगेच पुढचे सूत्र आहे, "उभयप्राप्तौ कर्मणि": कर्ता आणि कर्म दोन्ही सांगायचे असतील, दोघांवरही षष्ठीचा हक्क येत असेल, तर ती कर्माला द्यावी.

मराठी बोलणारा माणूस हे सूत्र न वाचताही पाळतो. "बिल्डरकडून ग्राहकांची फसवणूक" असे म्हणताना षष्ठी ग्राहकांना, म्हणजे कर्माला दिली जाते आणि कर्त्याला "कडून" मिळते. घोटाळा होतो तो शीर्षकातून दोघांपैकी एकाला वगळल्यावर. एकटा उरलेला बिल्डर "ची" लावून उभा राहतो आणि तो कर्ता की कर्म हे कोणी सांगत नाही. उपाय साधा आहे. करणाऱ्याला एकटे सोडायचे असेल तर "कडून" द्या: "बिल्डरकडून फसवणूक, तिघांवर गुन्हा." "ची" फक्त सोसणाऱ्यासाठी राखून ठेवा. हा नियम टेबलाने एकदा ठरवला आणि सातत्याने पाळला, तर वाचकालाही तो अंगवळणी पडेल.

सगळ्याच नामांना हा त्रास नाही. "डॉक्टरांना मारहाण" आणि "डॉक्टरांची मारहाण" यांत गोंधळ होत नाही, कारण "मारहाण" कर्माला "ला-ना" घेते. फसवणूक, लूट, हत्या, बदनामी, चौकशी, तपासणी ही नामे कर्माला "ची" घेतात. लक्ष ठेवायचे ते एवढ्या नामांवर.

महापालिकेच्या बातम्यांत आणि खुद्द महापालिकेच्या जाहीर सूचनांत आणखी एक अडचण दिसते. "धोकादायक इमारती व चाळींचे पाणी तोडणार." चाळी सगळ्या, की फक्त धोकादायक चाळी? धोकादायक, अनधिकृत, बेकायदा, जीर्ण ही पालिकेची आवडती विशेषणे नामाप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून ती "व" ओलांडून पुढे जातात की नाही ते रूपावरून कळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नौपाड्यातल्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला हा व्याकरणाचा प्रश्न वाटत नाही. फक्त धोकादायक चाळी असतील तर विशेषण दोनदा लिहावे, सगळ्या असतील तर "चाळी व धोकादायक इमारती" असा क्रम करावा. विशेषण दोनदा लिहिताना मात्र एक शब्द जास्त लागेल आणि तो खर्च करावा.

नकाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. "सर्व अनधिकृत इमारती पाडणार नाही." याचा अर्थ एकही पाडणार नाही असा होतो, आणि काही पाडू पण सर्व नाही असाही होतो. शब्दांचा क्रम बदलूनही हे सुटत नाही, कारण इथे प्रश्न "नाही"चा हात कुठपर्यंत पोचतो याचा आहे. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींवर कारवाई झाली. अशा इमारतीत आयुष्याची पुंजी घालून बसलेला माणूस हे शीर्षक कसे वाचेल? त्याला हवा तसाच. भाषेने इथेही सोय ठेवली आहे: "एकही इमारत पाडणार नाही" म्हणा, किंवा "सर्वच इमारती पाडणार नाही" म्हणा. एका "च"ने नकार फक्त "सर्व"वर येतो. ज्या अधिकाऱ्याच्या तोंडचे हे वाक्य आहे त्याला नेमके काय म्हणायचे होते, हे बातमीदाराने तिथेच विचारून घ्यायला हवे. टेबलावर बसून ते ठरवता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: पूर्ण बातमी वाचा, सगळे कळेल. शीर्षक हे बातमीचे दार आहे, वाचक आत शिरणारच, असे गृहीत धरण्याचे दिवस होते तेव्हा हा आक्षेप टिकत होता. आज शीर्षक मोबाइलवर सूचना म्हणून येते, वाहिनीच्या पट्टीवर सरकते, फोटो होऊन फिरते. लोकलमध्ये समोरच्याच्या हातातल्या पेपरचे आपण शीर्षकच वाचतो. अनेकांसाठी शीर्षक हीच बातमी असते आणि हे वृत्तपत्रांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मग त्या एका ओळीवर स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जबाबदारी येते.

दुसरा आक्षेप असा की यामुळे शीर्षके कोरडी होतील, श्लेष जाईल. श्लेष मला प्रिय आहे. पण श्लेषात लिहिणाऱ्याला दोन्ही अर्थ माहीत असतात आणि दोन्ही खरे असतात. भाडेकरूच्या शीर्षकातला दुसरा अर्थ लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हता आणि तो खोटा होता. या दोन गोष्टींना एका पारड्यात घालता येणार नाही.

रात्री अकराला टेबलावर काय करता येईल, तेवढेच सांगतो. शीर्षकात "णारा" किंवा "लेला" असलेला शब्द शोधायचा. त्याच्या डावीकडे "मध्ये", "त", "ने", "साठी", "मुळे" असले तुकडे असतील, तर प्रत्येक तुकडा शेवटच्या क्रियेशी जोडून पाहायचा. तो जुळला आणि तो अर्थ हास्यास्पद नसला, तर तुकडा योग्य जागी हलवायचा. एकटी "ची" दिसली तर ती करणाऱ्याला लागली आहे का ते पाहायचे. आणि शक्य असेल तेव्हा पान लावणाऱ्या ऑपरेटरला, ज्याने बातमी वाचलेली नाही, ते शीर्षक मोठ्याने वाचायला सांगायचे. तो कुठे थांबतो ते ऐकले की कंस कुठे उघडला ते कळते.

भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या पत्रकारितेच्या मानदंडांत असे म्हटले आहे की शीर्षकाने खालच्या मजकुराचे प्रतिबिंब दाखवावे आणि त्या मजकुराने शीर्षकाचे समर्थन व्हावे. ज्या शीर्षकाचे दोन सरळ अर्थ होतात आणि मजकूर त्यांतल्या एकाचेच समर्थन करतो, ते माझ्या मते या कसोटीला उतरत नाही. उरलेला अर्थ "आमच्या मनात नव्हता" हे उत्तर पुरेसे नाही, कारण वाचकापुढे मन छापलेले नसते, ओळ छापलेली असते.

आज वृत्तपत्रे दुरुस्ती छापतात ती नाव चुकले, आकडा चुकला, फोटो दुसऱ्याचा गेला तर. शीर्षकाच्या बांधणीमुळे कोणावर नाहक आळ आला, तर दुरुस्ती छापल्याचे मी पाहिलेले नाही, कारण "आमची बातमी बरोबरच होती" असा युक्तिवाद तयार असतो. ती छापली जावी, आणि ज्या पानावर शीर्षक होते त्याच पानावर छापली जावी. तिला फार शब्द लागणार नाहीत: "कालच्या अंकातील शीर्षकातून पोलिसांनी फ्लॅट बळकावण्यास मदत केल्याचा अर्थ निघत होता. पोलिसांची मदत भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी घेण्यात आली होती."